वास्तुशांतीसाठी गुरुजी ठरवताना: काय विचारावं, दक्षिणा कशी बोलावी

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला, घरच्यांनी तारीख सुचवली आणि कुणीतरी म्हणालं, "गुरुजींना सांगून टाका." पुण्यामुंबईत आलेल्या बऱ्याच कुटुंबांचा गावचा उपाध्याय गावीच राहिलेला असतो, त्यामुळे हे सांगणं सोपं नसतं. फोनवर दोन मिनिटांत "वास्तुशांत आहे, किती होतील?" असं विचारलं जातं, एक आकडा ऐकला जातो आणि त्या दिवशी दुपारी, पानं वाढलेली असताना, दोन्ही बाजूंचे चेहरे उतरतात. बहुतेक वेळा त्या आकड्यात काय धरलं होतं हे कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून इथे वास्तुशांतीचंच उदाहरण घेतलं आहे. मुंज, सत्यनारायण, साठीशांत यांनाही याच क्रमाने जाता येतं, फक्त याद्या बदलतात.

पहिलं काम: नेमकं काय करायचं आहे

"वास्तुशांत" या एका शब्दात लोकांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात. काहींना फक्त गणेशपूजन, कलशपूजन आणि गृहप्रवेश हवा असतो. त्याला दीड-दोन तास आणि एक गुरुजी पुरतात. काहींना उदकशांत हवी असते. तीत होम नसतो, मंत्रांनी अभिमंत्रित केलेलं पाणी घरभर शिंपडतात. भाड्याच्या घरात किंवा धूर चालत नाही अशा इमारतीत ती सोयीची पडते. आणि पूर्ण वास्तुशांत म्हणजे पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, आचार्यवरण, नवग्रह आणि वास्तुमंडलाची स्थापना, होम, बलिदान, पूर्णाहुती, वास्तुप्रतिमेचा निक्षेप, शेवटी अभिषेक आणि आशीर्वाद. याला चार ते पाच तास सहज लागतात आणि एकट्या गुरुजींनी ते करणं जड जातं, म्हणून दोन-तीन जण येतात.

तुम्ही गृहप्रवेशाच्या अंदाजाने पैसे धरलेत आणि गुरुजींनी पूर्ण होमाची तयारी केली, तर पुढच्या प्रत्येक गोष्टीत चुकामूक होणार. तेव्हा घरातल्या मोठ्यांना आधी विचारून घ्या: होम हवा का? आपल्याकडे आधीच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा काय केलं होतं? नसेल आठवत तर गुरुजींना तसंच सांगा आणि त्यांनाच पर्याय विचारा. यात कमीपणा नाही. उलट "आमच्याकडे काही माहीत नाही, आपण सांगाल तसं" असं म्हणून सगळं सोडून देणंच पुढे महागात पडतं.

आणखी एक गोष्ट आधी बघा. होमाला आग लागते, तुमची इमारत ती चालू देईल का? छतावर धुराचा सेन्सर असेल तर सोसायटीच्या ऑफिसला कळवून तो तेवढ्यापुरता बंद करता येतो का ते विचारा. लाकडी किंवा व्हिनाइलची फरशी असेल तर कुंडाखाली विटा आणि वाळू हवीच. घर भाड्याचं असेल तर मालकाला कळवा. यातलं काहीच शक्य नसेल तर ते गुरुजींना पहिल्या फोनवरच सांगायचं, कारण त्यावरून कार्याचा आकारच बदलतो.

गुरुजी शोधणं

सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे तुमच्याच सोसायटीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांच्याकडे हेच कार्य झालं त्यांना विचारणं. "गुरुजी चांगले आहेत का?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारा: वेळेवर आले का? ठरले होते तेवढेच जण आले का? होम उरकला की नीट केला? शेवटी ठरल्यापेक्षा जास्त मागितलं का? या चार प्रश्नांची उत्तरं लोक खरी देतात.

त्यानंतर जवळचं देऊळ, वेदपाठशाळा, पूजा साहित्याचं दुकान. दुकानदाराला परिसरातले दहा-बारा गुरुजी माहीत असतात आणि कुणाची यादी नीटनेटकी येते हेही त्याला ठाऊक असतं, कारण ती यादी तोच भरून देतो. स्त्री पुरोहित हव्या असतील, किंवा मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत कार्य व्हावं असं वाटत असेल, तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेल्या पुरोहित आहेत. त्यांची पद्धत थोडी वेगळी, थोडी सुटसुटीत असते. घरातल्या ज्येष्ठांना ते चालणार आहे ना, एवढं आधी बोलून घ्या.

शाखेचं काय? कोकणस्थ-देशस्थ घरांतून आजही "आम्ही ऋग्वेदी" किंवा "आम्ही यजुर्वेदी" असं सांगतात, आणि गुरुजी त्याप्रमाणे प्रयोग करतात. माहीत असेल तर सांगा, नसेल तर "माहीत नाही" म्हणा. गोत्र माहीत नसेल तर संकल्पात कश्यप गोत्र म्हणण्याची प्रथा आहे, त्यावर कुणी अडत नाही. मुंज झालेली नसलेल्या घरांत एक प्रश्न मात्र स्पष्ट विचारावा लागतो: आपण आमच्याकडे वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी, करता की पुराणोक्त, म्हणजे पुराणांतल्या मंत्रांनी? कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात याच प्रश्नावरून मोठा वाद पेटला होता, आणि आजही काही गुरुजींची मतं ठाम असतात. तेच यजमान एकटी स्त्री, विधवा किंवा आंतरजातीय जोडपं असेल तेव्हा. बरेच गुरुजी सहज करतात, काही करत नाहीत. जे करत नाहीत त्यांच्याशी वाद घालू नका, दुसरे बघा. कार्याच्या सकाळी पाटावर बसल्यावर हे कळणं सर्वांना त्रासाचं.

किती आधी? लग्नसराई असेल, किंवा अक्षय्य तृतीयेसारखा दिवस असेल, तर महिना-दीड महिना आधी बोलणं सुरू करा. तारीख पंचांगात बघून तुम्ही एक-दोन पर्याय काढून ठेवा (पंचांगात वास्तूचे मुहूर्त वेगळे दिलेले असतात), पण शेवटचा शब्द गुरुजींकडून घ्या. अशा गर्दीच्या दिवशी एकाच गुरुजींकडे दोन-तीन कामं असतात. "आपण स्वतः येणार ना, की दुसरे कोणी?" आणि "आपलं पुढचं काम किती वाजता आहे?" हे दोन्ही विचारा. बारा वाजता दुसरीकडे पोचायचं असलेले गुरुजी नवाला सुरू झालेली वास्तुशांत पूर्ण करूच शकत नाहीत. काहीतरी गाळलं जाणारच.

गुरुजी तुम्हाला काय विचारतात हीसुद्धा एक खूण आहे. घर स्वतःचं की भाड्याचं, होम चालेल का, वास्तुप्रतिमेला जागा ठेवली आहे का, गोत्र, कुलाचार, किती लोक जेवायला, हे जे विचारतात ते तयारीने येतात. काहीही न विचारता "करून टाकू, एवढे द्या" म्हणणारे वाईटच असतात असं नाही, पण मग सगळे प्रश्न तुम्हाला विचारावे लागतील.

दक्षिणा बोलायची कशी

इथे शब्दाला महत्त्व आहे. "रेट काय?", "पॅकेज किती?" असं विचारलं की बोलणं बिघडतं. "गुरुजी, दक्षिणेचं कसं असतं आपल्याकडे?" एवढं पुरतं. "सामान आणि दक्षिणा मिळून साधारण किती धरू?" हे त्याहून चांगलं, कारण त्यात दोन्ही गोष्टी वेगळ्या आल्या.

कधीकधी उत्तर येतं: "तुमच्या इच्छेने द्या" किंवा "यथाशक्ती". हे ऐकून लोकांना हायसं वाटतं, आणि गैरसमज बहुधा इथेच सुरू होतो. गुरुजी संकोचाने तसं म्हणतात. त्यांच्या मनात सोबतच्या दोघांना काय द्यायचं याचा हिशेब असतोच. अशा वेळी आकडा तुम्ही पुढे करा. शेजाऱ्यांकडून कळलेला अंदाज घेऊन म्हणा, "आमच्या मनात तिघांचे मिळून इतके आहेत, आपल्याला ठीक वाटतं ना? संकोच करू नका." यावर ते हो म्हणतील किंवा थोडं वाढवून सांगतील. दोन्ही चालतं. मग हा आकडा लिहून पाठवा.

एक आकडा ऐकला की लगेच विचारायचं, यात काय काय आलं? या प्रश्नाच्या पोटात पाच गोष्टी असतात: किती गुरुजी, सोबतच्यांची दक्षिणा यात की वेगळी, सामान यात की वेगळं, येण्याजाण्याचा खर्च, आणि कार्यात विडे, कलश यांवर ठेवायचे पैसे. शेवटची गोष्ट नवख्यांना माहीत नसते. प्रत्येक विड्यावर, कलशावर, पूजेच्या जागी नाणं ठेवावं लागतं, आणि ती दक्षिणा प्रथेप्रमाणे गुरुजींची असते. ती ठरलेल्या रकमेत धरलेली नसते. एक-एक, दोन-दोन रुपयांची चाळीस-पन्नास नाणी घरात ठेवा, नाहीतर मधेच पाहुण्यांचे खिसे चाचपावे लागतात.

हिशेब कसा मांडायचा ते एका नमुन्यावर बघू. आकडे फक्त मांडणी समजावी म्हणून घेतले आहेत; शहर, दिवस आणि गुरुजींप्रमाणे ते पुष्कळ बदलतात. समजा, कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट, होमासह वास्तुशांत, तीन गुरुजी. फोनवर कळलं "तेरा हजार". यजमानांना वाटलं सगळं मिळून तेरा. प्रत्यक्षात मुख्य गुरुजींची दक्षिणा ७,००० आणि सोबतच्या दोघांची प्रत्येकी ३,००० अशी ती बेरीज होती. समिधा, तूप, दर्भ, प्रतिमा, कुंड आणि इतर सामान गुरुजी आणणार होते, त्याचे ५,००० वेगळे, रिक्षाचे ५०० वेगळे. म्हणजे १८,५००. फुलं, फळं, विड्याची पानं, नारळ, दूध-दही यजमानांकडे, म्हणजे त्याचा खर्च आणखी. गुरुजींनी काही लपवलं नव्हतं. त्यांना "दक्षिणा किती" असं विचारलं होतं, तेवढंच त्यांनी सांगितलं. पण यजमानांच्या मनात ५,५०० रुपयांचा खड्डा पडला आणि शेवटी तोंडातून "हे आधी नव्हतं बोललात" निघालं. हेच आधी सुटं करून विचारलं असतं तर रक्कम तीच राहिली असती, मन मात्र खट्टू झालं नसतं.

फोन झाल्यावर संध्याकाळी असा एक संदेश पाठवून ठेवा:

"नमस्कार गुरुजी. आपल्याशी बोलल्याप्रमाणे लिहून ठेवतो, काही राहिलं असेल तर सांगावं. अमुक तारखेला सकाळी ८ वाजता आमच्याकडे होमासह वास्तुशांत. आपण आणि सोबत दोन गुरुजी. दक्षिणा तिघांची मिळून १३,०००, सामान आपण आणणार त्याचे ५,०००, येण्याजाण्याचे ५००. फुलं, फळं, पानं, नारळ, दूध-दही, तांदूळ, गहू आमच्याकडे. यादी आपण पाठवणार. जेवण आमच्याकडे. इमारतीत होमाला परवानगी घेतली आहे."

त्यांच्याकडून "ठीक आहे" आलं की काम झालं. हे लिहिणं अविश्वासाचं वाटेल असं काहींना वाटतं. गुरुजींना मात्र ते बरं वाटतं, कारण महिन्याला पंधरा कामं करताना कुणाशी काय बोललो हे त्यांच्याही लक्षात राहत नाही.

आगाऊ रक्कम मागितली तर सामानापुरती द्या. सामान एकदा भरलं की ते पैसे परत मागण्यात अर्थ नसतो. आणि कार्य पुढे ढकलावं लागलं तर काय, हेही एका वाक्यात बोलून घ्या. घरात सुतक आलं तर तारीख बदलावी लागते. नांदीश्राद्ध झाल्यानंतर अशौच आलं तर मात्र कार्य पूर्ण करण्याची रीत आहे. घरातल्या बाईच्या पाळीची तारीख आपल्या घरात मानतात का, हे तारीख धरतानाच बघा. आदल्या रात्री गुरुजींना फोन करून कुणालाच बरं वाटत नाही.

सामान: कोण काय आणणार

दोन पद्धती आहेत. गुरुजी सगळं आणतात आणि रक्कम घेतात, किंवा यादी देतात आणि तुम्ही दुकानातून भरता. पहिलीत डोक्याला त्रास कमी, दुसरीत थोडे पैसे वाचतात. मिश्र पद्धत सर्वात बरी: कुंड, नवग्रहांच्या समिधा (रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, औदुंबर, शमी, शिवाय दूर्वा आणि दर्भ), वास्तुप्रतिमा हे गुरुजींकडे, कारण शहरात हे शोधत फिरणं कठीण, आणि ताजं, घरगुती ते तुमच्याकडे.

यादी हातात आली की प्रत्येक ओळीपुढे "ग" किंवा "य" लिहा, गुरुजी किंवा यजमान. ज्या ओळीपुढे काहीच नाही ती विचारा. नेहमी राहतात त्या गोष्टी: तांब्याचे पुरेसे कलश (दोनच घरात असतात, लागतात जास्त, शेजारून मागून ठेवा), ताम्हन-पळी-पंचपात्र, पाट आणि चौरंग, गुरुजींना बसायला आसनं, होमाला पुरेसं साजूक तूप, हात पुसायला जुने पंचे. बलिदानासाठी शिजवलेला भात लागतो, आणि तो सकाळी लवकर हवा. स्वयंपाक केटररकडे दिला असेल तर हा भात घरी कोण लावणार ते ठरवा. बली बाहेर नेऊन ठेवायला घरातला एक माणूस नेमा आणि सोसायटीत तो कुठे ठेवायचा हे आदल्या दिवशीच बघून या. वॉचमनने तो उचलायला लावल्यावर होणारी धांदल टळते.

वास्तुप्रतिमेचा निक्षेप हा सगळ्यात विसरला जाणारा भाग. तो आग्नेय कोपऱ्यात करतात. जुन्या घरात तिथे खड्डा काढता येई. फ्लॅटमध्ये फरशी बसवतानाच एक लादी सुटी ठेवावी लागते, किंवा ओट्याखाली, भिंतीत कोनाडा करावा लागतो. म्हणून गुरुजींशी हे बोलणं मिस्त्रीचं काम संपायच्या आधी व्हायला हवं. फरशी झाली असेल तर निराश होऊ नका, बंद पेटी ठेवण्यासारखे पर्याय बहुतेक गुरुजी सांगतात.

आणखी एक, थोडी नाजूक गोष्ट: कार्यानंतर उरलेल्या वस्तू कुणाच्या? कलशाखालचे तांदूळ-गहू, नारळ, मंडलावरचं वस्त्र, विड्यांवरचे पैसे साधारणपणे गुरुजी नेतात. देवघरातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, चांदीची निरांजनं घरीच राहतात. अडचण मधल्या वस्तूंची होते. आजीचं चांदीचं नाणं कलशात टाकलं आणि ते तांदळाबरोबर गेलं, तर चूक कुणाची? त्यापेक्षा परत हव्या असलेल्या वस्तू पूजेत ठेवूच नका, किंवा ठेवायच्या असल्या तर मांडणीच्या वेळीच म्हणा, "गुरुजी, हे घरचं आहे."

त्या दिवशी

गुरुजी सांगितलेल्या वेळी आले तरी मांडणीला अर्धा-पाऊण तास जातो, तेव्हा पाहुण्यांना जेवणाचीच वेळ द्या आणि ती एकच्या आधीची नको. गेटवर नाव देऊन ठेवा; पिशव्या घेऊन तीन माणसं नोंदवहीसमोर उभी राहिली की पहिली दहा मिनिटं तिथेच जातात. यजमान पती-पत्नीने पाटावर बसण्यापूर्वी काय खाल्लं तर चालेल हे आदल्या दिवशी विचारा. चार-पाच तास बसायचं आहे, आणि मधुमेह असेल तर ते गुरुजींना सांगून ठेवा. मधे उठायला, दूध घ्यायला ते अडवत नाहीत. होम चालू असताना पंखे बंद राहतात, लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण दुसऱ्या खोलीत बसलेले बरे.

मधेच कुणी गुरुजी म्हणाले, "पत्रिकेत अमुक दोष दिसतो, आता एक शांतही करून टाकू," तर लगेच हो म्हणू नका. "आज ठरलंय तेवढंच करू, त्याबद्दल नंतर निवांत बोलू" हे वाक्य पुरेसं आहे, आणि ते शांतपणे म्हटलं तर अपमान वाटत नाही.

दक्षिणा ही शेवटी खिशातून काढून देण्याची मजुरी नव्हे, तो विधीचाच भाग आहे. हातात पाणी घेऊन, अक्षता घेऊन ती दिली जाते. म्हणून त्या क्षणी पाकिटं तयार हवीत. प्रत्येक गुरुजींचं पाकीट वेगळं करा आणि त्यावर एक रुपयाचं नाणं घाला. मुख्य गुरुजींनी "एकत्रच द्या" सांगितलं असेल तर तसं. तिघांचे पैसे एकाच पाकिटात आणि सोबतच्यांना त्याची कल्पना नाही, अशी स्थिती टाळा. वस्त्र द्यायचं असेल तर उपरणं किंवा पंचा त्याच वेळी. मोबाइलवरून रक्कम पाठवायची असेल तर आधी विचारा. बऱ्याचजणांना ते चालतं, तरी हातात द्यायला थोडी रोख ठेवाच. सामानाचे आणि रिक्षाचे पैसे या पाकिटात मिसळू नका, ते वेगळे, नंतर, साध्या हिशेबाने द्या.

जेवणाचं एक राहिलं. गुरुजी तुमच्याकडे जेवतील हे गृहीत धरू नका. काही जण बाहेरचं जेवत नाहीत, काहींना कांदा-लसूण चालत नाही, काहींना पुढच्या कामाला जायचं असतं. न जेवणाऱ्यांसाठी शिधा काढून ठेवतात: एका माणसापुरते तांदूळ, डाळ, कणीक, गूळ, तूप आणि एखादी भाजी. केटररला नैवेद्याचं पान कांदा-लसणाशिवाय, पाहुण्यांची पंगत बसण्याआधी हवं असं स्पष्ट सांगा. पंगत आधी आणि नैवेद्य नंतर असं झालं की घरातल्या ज्येष्ठांचा राग गुरुजींवर निघतो, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.